आधी डिपॉझिट, मग करार?

माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर झाली. त्यामुळे निवृत्तीनंतरही घरातली मंडळी मोठी रक्कम पाठवायची झाली की आधी मला विचारतात. गेल्या उन्हाळ्यात पुतण्या असाच आला.

पाचोऱ्यात भडगाव रोडला त्याचा एक गाळा रिकामा पडला होता. तिथे एका नामांकित कंपनीचं दूध-आइस्क्रीमचं पार्लर टाकायचं त्याने ठरवलं. मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर जाहिरात दिसली. फॉर्म भरला आणि दुसऱ्याच दिवशी हिंदीतून फोन आला. आधार, पॅन, गाळ्याचे फोटो गेले, रजिस्ट्रेशनचे म्हणून 25 हजारही गेले. मग लोगो, शिक्का, सही असं सगळं असलेलं मंजुरीपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. आता 1 लाख 60 हजार सिक्युरिटी डिपॉझिट भरा, करारनामा त्यानंतर पाठवू, असं त्यात होतं.

“नाना, डिपॉझिट परत भेटणार आहे. लेटरमध्येच लिहेल आहे,” तो म्हणाला.

कधी परत मिळणार, कशाची वजावट करून, व्याज किती, हे मी विचारलं. त्याला सांगता येईना, कारण हे सगळं करारात असतं आणि करार तर अजून झालाच नव्हता. खरी कंपनीही डिपॉझिट घेते, त्यात गैर काही नाही. तिचा डीप फ्रीजर तुमच्या दुकानात राहतो, कधी माल उधारीवर येतो, त्याचं ते तारण. इथे ना फ्रीजर आलेला, ना माल. गाळ्याचं माप घ्यायलाही कोणी फिरकलं नव्हतं. मग तारण कशाचं?

पेट्रोल पंपाचं उदाहरण घ्या. 2018 मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी डीलरशिपच्या जाहिराती काढल्या, तेव्हा अर्ज petrolpumpdealerchayan.in वर घेतले. अर्जाचं शुल्क आधी होतं, पण डिपॉझिटचा पहिला हप्ता भरायचा तो निवड झाल्यानंतर. जागेची तपासणी त्याच्याही पुढे.

पुतण्याने पत्रावरचा जीएसटी नंबर तपासला होता आणि तो खरा निघाला होता. यातच शिकलेली माणसं फसतात. कंपनीचा जीएसटी नंबर कोणत्याही बिलावर छापलेला असतो, भामटा तोच उचलून आपल्या पत्रावर टाकतो. तसाच लोगो आणि तसाच पत्ता. त्याला उसना घेता येत नाही तो एकच तपशील: पैसे ज्या खात्यात जाणार त्या खात्याचं नाव.

पूर्वी आमच्याकडे आरटीजीएसच्या फॉर्मवर नाव काहीही लिहिलं तरी रक्कम खाते क्रमांकावरच जमा व्हायची. आता रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायचं आहे. 1 एप्रिल 2025 ही त्याची मुदत होती. पुतण्याला अ‍ॅपमध्ये खातं जोडायला लावलं. नाव आलं कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं.

मात्र नाव कशाशी ताडायचं, हे आधी माहीत हवं. ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नाव एकच असेल असं नाही. अमूलच्या पिशवीमागे विक्री करणाऱ्या संस्थेचं नाव गुजरात को-ऑपरेटिव्ह मिल्क मार्केटिंग फेडरेशन असं असतं. भामटे ब्रँडच्या नावाची ‘एंटरप्रायझेस’ काढून चालू खातं उघडू शकतात, म्हणून नुसता ब्रँड जुळला की निश्चिंत होऊ नये. फ्रिजमधलं पाकीट उलटं करावं, पूर्ण नाव वाचावं आणि तिथेच छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक पुन्हा त्याच टोळीचा निघू शकतो.

याच अमूलला 2020 मध्ये फ्रँचायझीच्या नावाने चालणाऱ्या बनावट संकेतस्थळांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. डाबरच्या डिस्ट्रिब्युटरशिपचंही तसंच. तो खटला ‘अशोक कुमार’ नावाच्या प्रतिवादीवर होता, कारण प्रतिवादी कोण हे ठाऊकच नसलं की आपल्याकडे कोर्टात हे नाव लावतात. ज्यांना मोठ्या कंपन्यांचे वकील शोधू शकत नाहीत, ते पाचोऱ्यातून आपल्याला काय सापडणार!

गेलेल्या 25 हजारांसाठी त्याला लगेच 1930 वर फोन करायला लावला. बँकेकडून यूटीआर नंबर घेतला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, मंजुरीपत्र आणि चॅट जोडले. इथे तासांचा हिशेब असतो. रक्कम ज्या खात्यात पडून असते तिथेच ती रोखून धरता येते, एकदा एटीएममधून निघाली की संपलं. आमच्या बाबतीत बराच उशीर झाला होता, त्यामुळे थोडीच रक्कम अडकली. अशी अडकलेली रक्कमही आपोआप परत येत नाही, ती सोडवायला पोलिसांकडे आणि कधी कधी कोर्टातही खेटे घालावे लागतात.

दरम्यान पुतण्याने पाकिटावरच्या क्रमांकावर फोन केला. काही आठवड्यांनी कंपनीचा माणूस येऊन गाळा बघून गेला. दर्शनी भाग अरुंद आहे म्हणाला, आणि नकार दिला. पैसे मात्र त्याने एक रुपयाही मागितले नाहीत.