हिरव्या कुरणातील आकडी

हॉलंडमधील गाई हिवाळाभर गोठ्यात कोरड्या चाऱ्यावर राहत आणि वसंतात कोवळ्या गवतावर सोडल्या जात. गवत उत्तम, गाई धष्टपुष्ट, दूध भरपूर. तरी त्यांतलीच एखादी चांगली दुभती गाय अचानक कोसळून मरे. या रोगास तेथील शेतकरी ‘कोपझिक्ते’, म्हणजे डोक्याचा रोग, म्हणत. रोगाचे मूळ मात्र डोक्यात नव्हते. १९३०च्या सुमारास उट्रेख्टचे स्योलेमा यांनी दाखवून दिले, की अशा गाईंच्या रक्तातील मॅग्नेशियम फार घटलेले असते.

गवत मुबलक असताना ही उणीव कशी पडते? आम्ही एक हिशेब मांडतो. समजा, गाय दिवसाला २५ लिटर दूध देते. लिटरमागे सुमारे ०.१२ ग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम मॅग्नेशियम दुधावाटे जाते. शरीराला आणखी पावणेदोन ग्रॅम लागते. रक्तरसातील सारा साठा मात्र एक ग्रॅमही नसतो. हाडांत पुष्कळ असते, पण प्रौढ गाईला ते त्वरित काढता येत नाही. म्हणून रोजचा खर्च रोजच्या चाऱ्यातूनच भागला पाहिजे.

समजा, गवतातून २२ ग्रॅम मॅग्नेशियम पोटात गेले. पाव हिस्सा शोषला गेला, तर साडेपाच ग्रॅम मिळते आणि भागते. परंतु कोवळ्या गवतात, विशेषतः पालाश व नत्र खते भरपूर घातलेल्या कुरणात, पोटॅशियम फार असते आणि ते मोठ्या पोटातील शोषण अडवते. दहावा हिस्साच शोषला गेला, तर हाती सुमारे दोन ग्रॅम येतात. दूध मात्र थांबत नाही. थंड पावसाळी हवेत गाई कमी चरतात, तेव्हा संकट अधिक गडद होते. अधिक दूध देणारी गाय आधी बळी पडते, हे आम्हांस या रोगाचे क्रूर वैशिष्ट्य वाटते.

प्रारंभी कान थरथरतात, गाय दचकते, कळप सोडते, अडखळते. मग आडवी पडून पाय झाडते, मान मागे ताणली जाते. काही तासांत मृत्यू येतो. पुष्कळदा मेलेली गायच सापडते आणि तिच्या पायांनी उकरलेली जमीन कारण सांगते. विण्यानंतरच्या दुग्धज्वरात गाय थंड पडून निपचित राहते. येथे ती उत्तेजित असते. तिला हाकलू, ओढू नये. गोंगाटानेही झटका येतो. पशुवैद्य कॅल्शियम-मॅग्नेशियमचे द्रावण शिरेतून अगदी सावकाश देतो, कारण घाई झाली तर हृदयच थांबते. पुढे मॅग्नेशियम सल्फेट त्वचेखाली टोचतात.

प्रतिबंधासाठी धोक्याच्या दिवसांत दर गाईस रोज सुमारे ६० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड देतात. ते बेचव असल्याने खुराकात वा काकवीत मिसळावे लागते. साठा होत नसल्याने दोन दिवसांचा खंडही महाग पडतो.