दुखवट्याचे चार शब्द

मढ, मालाड (पश्चिम)

चि. बाय,


तुझ्या मैत्रिणीला पाठवायचा मजकूर तू मला आधी दाखवलास, ते बरं केलंस. रविवारपर्यंत तुला पुण्याहून निघता येत नाही, म्हणजे तोवर तिच्याजवळ तुझे हे शब्दच असणार. तेव्हा ते एकेक करून बघू.

तू लिहिलंयस, ‘बातमी ऐकून धक्का बसला.’ दोन वर्षं नाखवा, तिचे वडील, आजारी होते. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या खेपा तुला माहीत होत्या, शेवटचे आठवडे वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात गेले हेही माहीत होतं. मग धक्का कसला? ‘काका गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं’ एवढंच लिही. ‘कॅन्सरशी झुंज अपयशी ठरली’ हे तर वर्तमानपत्राचं वाक्य झालं. त्यात नाखवा हरले असं निघतं, आणि लेकीला त्यातून आपणच कुठे कमी पडलो, असं ऐकू येतं.

खरी अडचण ‘एका अर्थी ते सुटले’ या वाक्याची आहे. ते खोटं नाही. इथे दारात बसलेल्या बाया तेच म्हणताहेत, तिची आईही म्हणाली. पण आईने म्हणणं वेगळं आणि तू लिहिणं वेगळं. इतक्या महिन्यांनी त्या पोरीला आता रात्रभर झोप मिळेल, आणि झोप लागली याचीच तिला शरम वाटेल. ते सुटले की मी सुटले, हा प्रश्न तिच्या मनात आधीच असणार. बाहेरच्याने त्यावर बोट ठेवू नये. पुढे ती स्वतःहून म्हणाली, तर ‘हो गं, फार सोसलं त्यांनी, आणि तूही’ म्हण आणि थांब.

‘खंबीर राहा, आईकडे बघ’ हेही काढ. दोन वर्षं तिने दुसरं काय केलं? ‘रडून मन मोकळं कर’ असंही सांगू नकोस. ती कदाचित रडणार नाही. एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने १९४४ साली लिहून ठेवलंय, की घरचं माणूस लढाईवर गेलं की मागे राहिलेल्यांचा शोक कधीकधी मरणाच्या नुसत्या भीतीनेच सुरू होतो. लांबलेल्या आजारातही असं होऊ शकतं. म्हणून डोळे कोरडे दिसले तरी त्याचा अर्थ लावत बसू नये. आणि घरी का नाही ठेवलं, दुसरीकडे का नाही दाखवलं, शेवटी काय झालं, हे तर विचारूच नकोस. वांद्र्याला नेण्याचा निर्णय त्या घराने किती रात्री जागून घेतला, ते मी पाहिलंय.

मग लिहायचं काय? लांब आजारात माणूस झाकला जातो. सगळ्यांना खाट, नळ्या आणि औषधांच्या वेळाच आठवतात. तुझ्याजवळ आजाराआधीचे काका आहेत, ते तिला दे. फाटलेल्या जाळ्यात सुई कशी घालायची, हे त्यांनी तुम्हा दोघींना अंगणात बसवून शिकवलं होतं ना? ते लिही. ‘खूप प्रेमळ होते’ असं कुणाहीबद्दल लिहिता येतं.

‘काही लागलं तर हक्काने सांग’ याचा उपयोग नाही. काय लागेल ते शोधून मागायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. मृत्यू जिथे होतो, नोंदही तिथल्याच वॉर्डात होते. म्हणजे दाखल्यासाठी कदाचित मालाडला नाही, त्या बाजूलाच जावं लागेल. होडीने वर्सोवा, तिथून पुढे. एकटीने कंटाळवाणं आहे. शिवाय घरात भाड्याने आणलेली खाट अजून तशीच आहे. ती परत करायचं मी बघते, तसं तू कळव.

मी असं लिहिलं असतं:

‘काका गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. अंगणात बसवून जाळं शिवायला शिकवायचे, आपला गुंता झाला की हसायचे, तेच सारखं आठवतंय. तू त्यांचं किती केलंस ते मी पाहिलंय. रविवारी येते. दाखल्याच्या कामाला बरोबर चलेन. भाड्याची खाट आत्या परत पाठवेल, तुला चालेल तेव्हा. उत्तर द्यायची घाई नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. सध्या तिचा फोन हात जोडलेल्या चित्रांनी भरलाय, आणि प्रत्येकाला काहीतरी उत्तर देण्यात तिचा दिवस जातोय. तुझा मजकूर ग्रुपवर टाकू नकोस, तिला एकटीलाच पाठव.

तेराव्यानंतर माणसं पांगतील. औषधाची वेळ होईल आणि द्यायचं कुणाला नसेल. तेव्हा पुन्हा दोन ओळी लिही. नारळी पौर्णिमेलाही लिही. नाखव्याच्या घरात तो दिवस यंदा जड जाईल. आणि तेव्हा काकांचं नाव घ्यायला बिचकू नकोस.

आजचा मजकूर आजच पाठव. खाटेचं मी दुकानदाराशी बोलून ठेवलंय, तिचा होकार आला की टेम्पो सांगते.

तुझी,
आत्या