गीझर किती लिटरचा घ्यावा?



गीझरच्या टाकीचे माप घरातल्या माणसांच्या संख्येवरून ठरत नाही. ते ठरते सकाळच्या सर्वांत घाईच्या पाऊण तासावरून. सहा माणसांच्या घरात सगळे दोन-दोन तासांच्या अंतराने आंघोळ करत असतील, तर १५ लिटरची टाकीही पुरते. तिघेच असले आणि तिघांनाही सातच्या ठोक्याला न्हाणीघर हवे असेल, तर २५ लिटरही अपुरी पडते. दुकानात ‘चार माणसे, पंचवीस लिटर’ असा जो ठोकताळा ऐकायला मिळतो, त्यात वेळेचा हिशेबच नसतो. म्हणून तो कधी खरा ठरतो, कधी नाही.

पहिला प्रश्न विसणाचा. गीझरमधले पाणी साधारण ६० अंशांना तापवून ठेवलेले असते आणि अंगावर घ्यायला ४० अंशांचे पाणी लागते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतले पाणी २० अंश धरले, तर आंघोळीच्या पाण्यात निम्मे कढत आणि निम्मे विसण असे प्रमाण पडते. म्हणजे २० लिटरची बादली भरायला गीझरमधून फक्त १० लिटर निघतात. कोकणात नळाचे पाणी २५ अंशांचे असेल, तर तेवढ्याच बादलीला साडेआठ लिटर पुरतात. नाशिककडे कडाक्याच्या थंडीत ते १५ अंशांवर उतरले, तर ११ लागतात. हिशेब नेहमी त्या गावच्या सर्वांत थंड महिन्याचा करावा. मे महिन्यात कुठलाही गीझर पुरतो.

बादली आणि शॉवर यांतला फरक माणसांच्या संख्येपेक्षा मोठा असतो. तांब्याने आंघोळ करणारा माणूस वीस-पंचवीस लिटरमध्ये आटोपतो. शॉवरखाली मिनिटाला ८ लिटर पाणी पडत असेल, तर सात मिनिटांत ५६ लिटर जातात आणि त्यातले २८ लिटर कढत पाणी असते. घरच्या शॉवरची धार मोजायला अवघड नाही. शॉवरखाली २० लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. अडीच मिनिटांत भरली, तर धार मिनिटाला ८ लिटरची. मोठ्या तबकडीचे शॉवर याहून बरेच जास्त पाणी सोडतात.

टाकीवर लिहिलेले सगळे लिटर कामाला येत नाहीत. कढत पाणी वरून बाहेर पडते, तेव्हा तितकेच गार पाणी खालून आत शिरते आणि शेवटी शेवटी दोन्ही मिसळू लागतात. उभ्या टाकीत सुमारे ८० टक्के पाणी खऱ्या अर्थाने कढत मिळते असे धरावे. छताच्या पोटमाळ्यात बसवायची आडवी टाकी यात थोडी मागे पडते, कारण तिच्यात कढत आणि गार पाण्याचे थर लवकर मिसळतात. तेव्हा २५ लिटरच्या उभ्या टाकीचे कामाचे पाणी २० लिटर आणि ३५ लिटरच्या टाकीचे २८ लिटर.

दुसरा प्रश्न रिकामी झालेली टाकी पुन्हा किती वेळात तापते, हा. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी उष्णता असते. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला दर लिटरमागे ४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये साडेएकवीस लिटर पाणी तापते. घरगुती गीझरची कॉइल बहुधा २ किलोवॅटची असते. ती तासाला ४३ लिटर, म्हणजे दहा मिनिटांत सुमारे ७ लिटर पाणी तापवते. या हिशेबाने १५ लिटरची टाकी गार असताना एकवीस मिनिटे घेते, २५ लिटरची पस्तीस मिनिटे आणि ५० लिटरची सत्तर मिनिटे. बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की १५ लिटरच्या टाकीत आणि ३५ लिटरच्या टाकीत कॉइल बहुतेक वेळा तितक्याच ताकदीची असते. मोठी टाकी पाणी लवकर तापवत नाही, ती फक्त जास्त साठवते.

आता एक घर घेऊन पाहू. पुण्यातला फ्लॅट, सहा माणसे, दोन न्हाणीघरे. सामाईक न्हाणीघरात आजोबा पावणेसातला तांब्याने आंघोळ करतात, त्यांना १२ लिटर कढत पाणी लागते. सातला मुलगा शॉवरखाली सात मिनिटे असतो, त्याचे २८ लिटर. सात वीसला मुलगी डोक्यावरून न्हाते, दोन बादल्या, म्हणजे २० लिटर. आजी सगळे बाहेर पडल्यावर नऊनंतर आंघोळ करतात, म्हणून त्या या हिशेबात येत नाहीत. आईवडील त्यांच्या खोलीतल्या न्हाणीघरात सातला आणि सात वीसला प्रत्येकी १२ लिटर कढत पाणी घेतात.

सामाईक न्हाणीघरात २५ लिटरची टाकी असेल, तर काय होईल? कामाचे २० लिटर. आजोबांनंतर ८ उरतात. सातपर्यंतच्या पंधरा मिनिटांत कॉइल साडेदहा लिटरची भर घालते, म्हणजे मुलगा आत शिरतो तेव्हा साडेअठरा लिटर तयार आहेत. तो मिनिटाला ४ लिटर कढत पाणी ओढतो आणि कॉइल तेवढ्यात पाऊण लिटरही तापवू शकत नाही. साडेपाच मिनिटे होतात न होतात तोच पाणी गार यायला लागते. मुलीची वेळ येईपर्यंत जेमतेम ९ लिटरइतकी उष्णता पुन्हा साठते. तीही नऊ लिटर कढत पाण्याच्या रूपात नाही. पूर्ण उपसलेली टाकी सगळीच्या सगळी हळूहळू कोमट होत जाते, म्हणून नळातून सदतीस-अडतीस अंशांचे पाणी येते. विसण न घालता कशीबशी एक बादली भरते, दुसरी नाही.

हेच ३५ लिटरच्या टाकीवर मांडले, तर मुलगा बाहेर येतो तेव्हा साडेतीन लिटर शिल्लक राहतात. सात वीसला ते साडेबारा होतात, मुलीची पहिली बादली सहज निघते आणि दहा मिनिटांनी दुसरीही जेमतेम होते. पन्नासची टाकी कुणालाच थांबायला लावणार नाही. पण ती गार असताना सव्वा तास आधी लावावी लागेल आणि उरलेले कढत पाणी दिवसभर उगाच निवत राहील. स्टार लेबलवर जे तारे असतात, ते या निवण्याच्या तोट्यावरूनच दिलेले असतात. पाणी तापवायला लागणाऱ्या विजेत त्यांनी काही फरक पडत नाही.

एक मार्ग टाकी न वाढवताही निघतो. मुलाने सातऐवजी पाच मिनिटांत आटोपले, तर त्याचे कढत पाणी २८ वरून २० लिटरवर येते आणि २५ लिटरच्या टाकीत सात वीसला तेच साडेबारा लिटर शिल्लक दिसतात. शॉवरची दोन मिनिटे आणि टाकीचे दहा लिटर एकाच मोलाचे. मुलगा ऐकणार नाही अशी खात्री असेल, तर ३५ घ्यावी. मुलांच्या शिस्तीवर विसंबून टाकीचे माप ठरवू नये.

तिसरा प्रश्न न्हाणीघरांचा. दोन न्हाणीघरे असली की मध्ये एकच मोठी टाकी बसवून दोन्हीकडे नळ काढावेत, असा सल्ला प्लंबर पुष्कळदा देतात. याच घराचे उदाहरण घेतले, तर पावणेसात ते साडेसात या वेळात दोन्हीकडे मिळून ८४ लिटर कढत पाणी लागते. पन्नासच्या टाकीचे कामाचे पाणी ४० लिटर. पाऊण तासात एक कॉइल आणखी ३२ लिटरची भर घालते, तरी बेरीज ७२ होते. सामाईक न्हाणीघरात ३५ आणि खोलीत १५ बसवली, तर एकूण लिटर पन्नासच राहतात, पण कॉइल दोन होतात आणि पाणी पुरते. पंधराच्या टाकीचे कामाचे पाणी १२ लिटर. आईच्या आंघोळीत ते संपले, तरी वीस मिनिटांत वडिलांसाठी पुन्हा तयार होते. शिवाय एका टाकीतून दोन्हीकडे लांब पाइप न्यावा लागतो. अर्धा इंची पाइपच्या दर बारा मीटरमागे दीड-दोन लिटर पाणी आतच राहते. नळ उघडल्यावर ते आधी गार येते आणि नळ बंद केल्यावर तितकेच कढत पाणी पाइपात निवते. न्हाणीघरे पाठीला पाठ लावून असतील आणि वापर एका वेळी होत नसेल, तेव्हाच एक टाकी पटण्यासारखी आहे.

दोन गीझर एकदम चालले की ४ किलोवॅटचा, सुमारे साडेसतरा अँपिअरचा भार पडतो. म्हणून प्रत्येकासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट असावा आणि वीजजोडणीचा मंजूर भार आधी बिलावर पाहून घ्यावा. ३५ लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच ३५ किलो वजन असते, त्यामुळे चार इंची भिंतीवर ती टांगण्यापूर्वी गवंड्याला विचारलेले बरे.

हिशेब बरोबर असूनही पाणी पुरत नसेल, तर दोष बहुधा विजेत किंवा क्षारात असतो. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पहाटे घरोघरी गीझर लागले आणि २३० व्होल्टच्या जागी २०० च आले, तर २ किलोवॅटची कॉइल दीड किलोवॅटची होते आणि पस्तीस मिनिटांचे काम सेहेचाळीस मिनिटांवर जाते. बोअरवेलचे जड पाणी असेल, तर कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी क्षारांचे थर चढतात. टाकीची जागा कमी होते, तापताना खदखदल्यासारखा आवाज येतो आणि कालांतराने कॉइलच जळते. पारख सोपी आहे. टाकी पूर्ण गार असताना गीझर लावून दिवा विझेपर्यंतचा वेळ मोजावा आणि वरच्या हिशेबाशी ताडून पाहावा. वेळ फार जास्त लागला, तर आधी व्होल्टेज मोजून घ्यावे. वेळ अपेक्षेपेक्षा बराच कमी भरला, तर थर्मोस्टॅट खाली लावलेला आहे किंवा टाकीतली जागा क्षारांनी व्यापली आहे. थर्मोस्टॅट ७० अंशांवर नेल्याने साठा सुमारे चतुर्थांशाने वाढल्यासारखा होतो हे खरे. पण क्षार लवकर चढतात, निवण्याचा तोटा वाढतो आणि घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर भाजण्याची भीती राहते. म्हणून हा उपाय थंडीच्या चार आठवड्यांपुरताच ठेवावा.