मराठीतला 'जो' आणि इंग्रजीतले हू, हूज, विच, दॅट

माणसासाठी हू, वस्तूसाठी विच, मालकीसाठी हूज हे मुलांना तोंडपाठ असतं. तरी दोन वाक्यं जोडायला दिली की वहीत लाल खुणाच जास्त दिसतात. कारण मुलं वाक्य मराठीतून जोडतात, आणि मराठीचा 'जो' वेगळ्या पद्धतीने चालतो.

आपण जो मुलगा, जी साडी, जे घर म्हणतो. म्हणजे आपला शब्द लिंग बघतो, वचन बघतो. समोर माणूस आहे की वस्तू, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जो मुलगा तसाच जो माग. इंग्रजीत बरोबर उलटं. हू मुलालाही चालतो, मुलीलाही, एकालाही आणि दहांनाही, पण साडीला चालत नाही. हा फरक आधी फळ्यावर मराठीतूनच दाखवा, मग पुस्तक उघडा.

आता एक जोडी घेऊ.

द सारी इज फॉर माय मदर. आय बॉट इट इन येवला.

बरीच मुलं लिहितात, 'द सारी विच आय बॉट इट इन येवला इज फॉर माय मदर.' विच बरोबर निवडलं, पण इट तसाच राहिला. मुलांना वाटतं, विच म्हणजे अँड किंवा बटसारखा जोडणारा शब्द, मध्ये ठेवला की झालं. पण अँड नुसता वाढतो. विच मात्र दुसऱ्या कोणाची तरी जागा घेतो. मी वर्गात एसटीचं उदाहरण देते. एका सीटवर दोघं बसणार नाहीत. विच बसला की इटने उठायचं. मग बरोबर वाक्य होतं: 'द सारी विच आय बॉट इन येवला इज फॉर माय मदर.'

म्हणून पहिल्या वाक्यातल्या नामाखाली रेघ मारायला सांगा आणि दुसऱ्या वाक्यात त्याच्याबद्दल आलेल्या सर्वनामाला गोल करायला लावा. कोणता शब्द घ्यायचा ते तो गोलच सांगतो. गोलात ही, शी किंवा माणसांसाठीचा दे असेल तर हू. इट असेल तर विच. हिज, देअर, इट्स असे मालकीचे शब्द असतील तर हूज. 'हर' दोन्हीकडे येतो, तिथे पुढचा शब्द बघा. 'हर मदर' असं पुढे नाम असेल तर हूज. 'आय मेट हर' असेल तर हूम, बोलताना हू.

हूजला थोडा जास्त वेळ द्या.

द बॉय इज इन माय क्लास. हिज फादर रन्स अ पॉवरलूम.

इथे हिज खोडून हूज येतो, पण फादर सोबतच राहतो: 'द बॉय हूज फादर रन्स अ पॉवरलूम इज इन माय क्लास.' मुलं 'हू फादर' किंवा 'हूज हिज फादर' लिहितात. मराठीत ज्याचा बाप, ज्याची आई, ज्याचं घर असं रूप बदलतं. हूज कधीच बदलत नाही, आणि त्याच्या मागेपुढे 'द' लागत नाही. हूज फक्त माणसाचाच, हाही एक गैरसमज. 'द लूम हूज बेल्ट इज ब्रोकन' अगदी शुद्ध इंग्रजी आहे.

आता जागेचा प्रश्न. आपल्या किल्ल्यावरच हे चांगलं समजतं.

द फोर्ट स्टँड्स ऑन द बँक ऑफ द मोसम. नारोशंकर बिल्ट इट.

मूल दुसरं वाक्य शेवटी चिकटवतं: 'द फोर्ट स्टँड्स ऑन द बँक ऑफ द मोसम विच नारोशंकर बिल्ट.' झालं, नारोशंकरांनी मोसम नदीच बांधली! विच साधारणपणे आपल्या लगेच आधीच्या नामाला धरतो. मराठीत 'जो किल्ला... तो' असा 'तो' परत येऊन वाट दाखवतो, इंग्रजीत तशी सोय नाही. म्हणून तो भाग उचलून फोर्टच्या शेजारी न्यायचा: 'द फोर्ट दॅट नारोशंकर बिल्ट स्टँड्स ऑन द बँक ऑफ द मोसम.'

इथे मी दॅट घेतला, विचही चालला असता. 'कोणता किल्ला?' याचं उत्तर त्या भागातून मिळतंय, अशा ठिकाणी दॅट माणसालाही चालतो, वस्तूलाही. ऑल, एव्हरीथिंग किंवा 'द बेस्ट'सारख्या शब्दांनंतर वस्तूसाठी दॅटच बरा वाटतो. पण 'द मोसम, विच फ्लोज थ्रू मालेगाव, जॉइन्स द गिरणा' या वाक्यात 'कोणती मोसम?' असं कोणी विचारणार नाही. मधला भाग नुसती जादा माहिती आहे, तो काढला तरी नदी तीच राहते. म्हणून दोन्हीकडे स्वल्पविराम येतात, आणि स्वल्पविरामानंतर असा दॅट लिहिलेला दिसला की तिथे विच करायचं. तसंच 'माय मदर, हू लिव्ज इन सटाणा' यात हू. आई एकच, तिथे दॅट नाही.