कमी दाबाची तक्रार आणि रोहित्राची मागणी: एका सोसायटीच्या दोन पत्रांचा अनुभव

संध्याकाळी सात ते अकरा या वेळात व्होल्टेज पडणे आणि मध्यरात्रीनंतर ते आपोआप सुधारणे, हे रोहित्रावर किंवा त्यापुढच्या लघुदाब वाहिनीवर भार जास्त झाल्याचे लक्षण असते. अशा वेळी सोसायट्या वितरण कंपनीला ‘रोहित्राची क्षमता वाढवा’ असे पत्र देतात. मात्र नुसते एवढेच लिहिलेले पत्र बहुतेकदा वाया जाते, आणि कधी कधी त्यातून नुकसानही होते. पुण्याच्या उपनगरातील 64 सदनिकांच्या एका सोसायटीला हे पहिल्या पत्रानंतर कळले.

त्या इमारतीत एप्रिलपासून रोज रात्री लिफ्ट मधेच थांबू लागली. पाण्याचा पंप घुमत राही, पण पाणी वर चढत नसे. कार्यकारिणीने चार ओळींचे पत्र दिले: ‘व्होल्टेज फार कमी येते, रोहित्र जुने आहे, ते तातडीने बदलावे.’ पत्रात एकही नोंद नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी कर्मचारी आले. त्या वेळी भार कमी असल्यामुळे व्होल्टेज ठीक दिसले. तरीही तक्रार आहे म्हणून त्यांनी पुरवठा बंद करून रोहित्राचा टॅप दोन पायऱ्यांनी वर नेला आणि तक्रार निकाली काढली.

टॅपची एक पायरी साधारणपणे अडीच टक्क्यांची असते, म्हणजे दोन पायऱ्यांनी सुमारे 12 व्होल्ट वाढतात. रात्री आठ वाजता त्याचा थोडा उपयोग झाला. पण हा टॅप भारानुसार आपोआप बदलत नाही. रात्री एकनंतर, भार उतरल्यावर, पूर्वी 240च्या आसपास असणारे व्होल्टेज 252 वर जाऊ लागले. महिनाभरात दोन फ्रिजचे सर्किट बोर्ड आणि जिन्यातले अनेक एलईडी दिवे गेले. महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे लघुदाबावर 6 टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. 230 व्होल्टला ही मर्यादा साधारण 216 ते 244 अशी येते. सोसायटीचा पुरवठा आता संध्याकाळी या मर्यादेच्या खाली आणि रात्री वर जात होता.

दुसऱ्या पत्राआधी सोसायटीने दहा दिवस नोंदी ठेवल्या. त्यासाठी जिवंत तारांना हात लावावा लागत नाही. लिफ्ट आणि पंपाचे सामाईक मीटर थ्री-फेज असते, आणि बहुतेक डिजिटल मीटरच्या पडद्यावर तिन्ही फेजचे व्होल्टेज आळीपाळीने दिसते. सुरक्षारक्षकाने दुपारी तीन, रात्री साडेआठ आणि रात्री एक अशा तीन वेळा ते वहीत उतरवले. रात्री साडेआठचे आकडे साधारण असे होते: आर फेज 188, वाय फेज 196, बी फेज 221. नोंद मीटर-रूममध्येच घेण्याचे कारण असे की, तिथे व्होल्टेज बरोबर असून फक्त घरात कमी येत असेल, तर दोष इमारतीच्या वायरिंगचा असतो आणि त्यासाठी कंपनीला पत्र लिहून उपयोग नसतो.

याच नोंदींतून आणखी एक गोष्ट तपासावी लागते. एका फेजवर 170 आणि त्याच क्षणी दुसऱ्यावर 270 असे हेलकावे दिसत असतील, तर न्यूट्रल तुटलेला किंवा सैल झालेला असण्याची शक्यता मोठी असते. तिथे पत्राची वाट पाहू नये. मेन स्विच बंद करून लगेच बिघाडाची तक्रार नोंदवावी.

नोंदी जोडल्यावर दुसऱ्या पत्रात ‘रोहित्र बदला’ हे पहिले वाक्य राहिले नाही. त्याचा गाभा असा होता:

‘सोबत दहा दिवसांच्या नोंदी जोडल्या आहेत. रात्री 8 ते 10 या वेळात रोहित्राच्या टोकाशी व आमच्या मीटर-रूममध्ये एकाच वेळी व्होल्टेज आणि प्रत्येक फेजचा प्रवाह मोजण्यासाठी संयुक्त पाहणी करावी. टॅप वाढवल्यानंतर रात्री व्होल्टेज मर्यादेबाहेर जाते, म्हणून तो पूर्ववत करावा. फेजवरील भार समतोल करावा. त्यानंतरही दाब कमी राहिल्यास रोहित्राची क्षमतावाढ किंवा इमारतीजवळ अतिरिक्त रोहित्र प्रस्तावित करावे.’

यासोबत सदनिकांची संख्या, ग्राहक क्रमांकांची यादी, मंजूर भार, आणि गेल्या काही वर्षांत वाढलेले एसी, गिझर व गाड्यांचे चार्जर यांची संख्या दिली. मंजूर भार जुना आणि प्रत्यक्ष वापर त्याहून जास्त असेल, तर कंपनीच्या कागदावर रोहित्र पुरेसे दिसते. म्हणून ज्या घरांचा वापर वाढला आहे, त्यांनी भारवाढीचे अर्ज त्याच वेळी केलेले बरे.

संयुक्त पाहणीत खरे कारण उघड झाले. रोहित्र 200 केव्हीएचे होते. त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह प्रत्येक फेजला सुमारे 267 अँपिअर येतो. टाँग टेस्टरवर आर फेज 330, वाय 310 आणि बी 205 अँपिअर दिसला. तिन्हींची सरासरी 282, म्हणजे फेज समतोल केले तरी रोहित्र क्षमतेच्या थोडे वरच राहणार होते. क्षमतावाढीची मागणी योग्य होती, पण तेवढ्याने काम भागणार नव्हते. रोहित्राच्या टोकाशी आर फेजवर 222 व्होल्ट होते आणि सुमारे 250 मीटरवरच्या मीटर-रूममध्ये 188. मधले 34 व्होल्ट बारीक तारांच्या लघुदाब वाहिनीत जात होते. त्याच जागी 315 केव्हीएचे रोहित्र बसवले असते, तर टोकाशी काही व्होल्ट वाढले असते, मात्र वाटेतली घट तशीच राहिली असती. म्हणून प्रस्ताव इमारतीजवळ अतिरिक्त रोहित्राचा झाला. त्यामुळे जुन्या रोहित्रावरचा भार कमी झाला आणि वाहिनीची लांबीही घटली.

प्रस्तावाच्या वेळी शब्दांची काळजी घ्यावी लागते. ‘फक्त आमच्या सोसायटीसाठी स्वतंत्र रोहित्र’ अशी मागणी केली, तर ती समर्पित वितरण सुविधा समजली जाऊन खर्च सोसायटीवर येऊ शकतो. परिसरातील सर्व ग्राहकांचा दाब सुधारण्यासाठी क्षमतावाढ हवी असेल, तर पत्रात तसेच स्पष्ट लिहावे आणि त्याच रोहित्रावरच्या शेजारच्या इमारतींच्या सह्या घ्याव्यात. अतिरिक्त रोहित्राला जागा लागते. सोसायटी ती देणार असेल, तर तसा सर्वसाधारण सभेचा ठराव जोडावा, नाहीतर मंजूर काम जागेअभावी अडकते.

पत्र शाखा कार्यालयात द्यावे, प्रत उपविभागाला पाठवावी, आणि आवक-क्रमांकासह शिक्क्याची पोच जपून ठेवावी. तोंडी आश्वासन मिळाले, तर त्याच दिवशी ‘आज झालेल्या चर्चेनुसार’ असे दोन ओळींचे पत्र पाठवून ते कागदावर आणावे. तरीही दाद मिळाली नाही, तर विद्युत कायदा, 2003 च्या कलम 42 नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल हा मार्ग आहे. तिथेही वहीतल्या नोंदी आणि पोच यांच्यावरच सारी भिस्त असते.

काम झाल्यावर त्याच मीटरवर, त्याच तीन वेळांना, आणखी आठवडाभर नोंद घ्यावी. रात्री साडेआठला तिन्ही फेज 216 च्या वर आणि रात्री एकला 244 च्या आत असतील, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे धरावे. त्या सोसायटीत पहिल्या नोंदीत रात्री एकला एक फेज 247 दाखवत होता. नव्या रोहित्राचा टॅप एक पायरी खाली आणल्यावर तो मर्यादेत आला आणि मगच तक्रार बंद करण्यास संमती दिली गेली.