‘येत होतं, पण चुकलं’: मॉक टेस्टच्या चुकांची खरी छाननी

नीटचा सराव पेपर झाला की घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. ‘किती आले?’ ‘478.’ ‘अरे, मागच्या वेळीही तेवढेच होते!’ मग मुलगी सांगते, ‘आई, वीसेक प्रश्न सिली मिस्टेकमध्ये गेले. येत होतं सगळं.’ आईला धीर येतो, मुलीलाही येतो. पुढच्या रविवारी पुन्हा पेपर, पुन्हा तेवढेच गुण आणि पुन्हा त्याच सिली मिस्टेक. लातूर असो, पुणे असो की कोटा, क्लासच्या वेळापत्रकात पेपर भरपूर असतात. चुकलेल्या उत्तरांकडे नीट बघायला ठेवलेला वेळ मात्र अगदी थोडा असतो.

अडचण मुलगी खोटं बोलते ही नसते. तिला खरोखरच तसं वाटतं, कारण चूक तपासताना तिच्यासमोर आधीच बरोबर उत्तर उघडं असतं. रसायनशास्त्रातला एक जुना प्रश्न घ्या: 10⁻⁸ M HCl द्रावणाचा pH किती? मुलं झटकन 8 लिहितात. सोल्युशन वाचलं की लक्षात येतं की आम्ल कितीही विरळ केलं तरी त्याचा pH 7 च्या वर जाणार नाही. इतक्या विरळ द्रावणात पाण्यातून येणारे हायड्रोजन आयनही धरावे लागतात आणि उत्तर 7 पेक्षा किंचित कमी, साधारण 6.98 येतं. वाचणारा म्हणतो, ‘हो की, हे माहीत होतं.’ पण पेपरात त्याला ते सुचलं नव्हतं. उत्तर वाचून पटणं आणि उत्तर स्वतःहून सुचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा दुसरी गोष्ट मोजते.

म्हणून चुकांची छाननी उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर पण सोल्युशन उघडण्याआधी करायची. कोणते प्रश्न चुकले तेवढं फक्त कळलेलं असावं. बरोबर पर्याय कोणता, हे कळता कामा नये. स्वतः तपासताना उत्तरसूची नजरेस पडतेच, तेव्हा हे काम भावाबहिणीकडे, मैत्रिणीकडे किंवा पालकांकडे द्यावं. त्यांनी चुकलेल्या प्रश्नांचे क्रमांक एका कागदावर उतरवून द्यावेत, बस. मग ते सगळे प्रश्न कोऱ्या कागदावर, घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचे. नुसता पर्याय निवडून भागत नाही. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी चारातून एकदा बरोबर येतंच. म्हणून ‘हाच का?’ याचं एका ओळीत कारण लिहायचं. कारणासकट बरोबर आलं, तर चूक परीक्षेच्या टेबलावर झाली. कारण जमलं नाही किंवा पुन्हा तेच चुकीचं उत्तर आलं, तर चूक अभ्यासात आहे.

क्लासमध्ये पेपर संपताच चर्चा होत असेल, तर ही कसोटी निकामी होते, कारण उत्तरं कानावर पडलेली असतात. तिथे त्याच धड्यातला, आकडे किंवा मांडणी बदललेला दुसरा प्रश्न घ्यावा.

नमुन्यादाखल वर आलेल्या 478 गुणांचाच पेपर घेऊ. नीटमध्ये 180 प्रश्न, 180 मिनिटं आणि 720 गुण असतात. बरोबर उत्तराला 4 मिळतात, चुकीच्या उत्तराला 1 वजा होतो. समजा 128 बरोबर, 34 चूक आणि 18 सोडलेले आहेत. 512 मधून 34 गेले, उरले 478. चुकीचं उत्तर बरोबर झालं की 5 गुणांचा फरक पडतो. म्हणजे वीस ‘सिली मिस्टेक’ टळल्या तर 100 गुण वाढतील, असा मुलीचा आणि तिच्या घरच्यांचा अंदाज.

पुन्हा सोडवल्यावर 34 पैकी 13 प्रश्न कारणासकट बरोबर आले. 21 नाही आले.

या 21 मधला एक प्रश्न पेशीविभाजनाचा. रिकॉम्बिनेशन नोड्यूल अर्धसूत्री विभाजनाच्या कोणत्या टप्प्यात दिसतात? तिने पेपरात डिप्लोटीन लिहिलं होतं आणि दुसऱ्यांदाही ठामपणे तेच लिहिलं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात उत्तर पॅकिटीन आहे. डिप्लोटीनमध्ये गुणसूत्रं विलग होऊ लागतात आणि कायझ्मा दिसतात. तिच्या डोक्यात हे दोन टप्पे एकमेकांत मिसळले होते. असं चुकीचं पण पक्कं ज्ञान सगळ्यात घातक असतं, कारण असा प्रश्न विद्यार्थी कधी सोडत नाही. आत्मविश्वासाने लिहितो आणि दर वेळी 1 गुण घालवतो. यात एक दिलासाही आहे. बटरफिल्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की खात्रीने दिलेलं उत्तर चूक असल्याचं दाखवून योग्य उत्तर सांगितलं, तर डळमळीत उत्तराच्या तुलनेत ते अधिक चांगलं सुधारतं. अट एवढीच की ती चूक नजरेस आणून द्यायला हवी. ‘सिली’ म्हणून बाजूला टाकली की ती तशीच राहते.

आता बरोबर आलेल्या 13 प्रश्नांकडे वळू. त्यांचा पुरावा प्रश्नपत्रिकेवरच्या कच्च्या कामात सापडतो, म्हणून ती कधी फेकू नये. तिच्या कागदावर पाच प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांतले निघाले, त्यांच्या शेजारी कच्चं काम जवळजवळ नव्हतंच. चार प्रश्नांत ‘अयोग्य विधान ओळखा’ असं विचारलं होतं आणि तिने पहिलं योग्य विधान दिसताच खूण करून टाकली होती. एका ठिकाणी कच्च्या कामात उत्तर बरोबर, पण ओएमआरवर भलताच गोल रंगवलेला. दोन ठिकाणी एककाची गल्लत होती, मायक्रो लक्षातच घेतलं नव्हतं. राहिलेला तेरावा प्रश्न भिंगाचा, आणि छाननीतली खरी गंमत त्यातच आहे.

प्रश्न सोपा होता. 20 सेमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगासमोर 30 सेमीवर वस्तू ठेवली, प्रतिमा कुठे मिळेल? 1/v = 1/f + 1/u या सूत्रात u = −30 घातलं की v = 60 सेमी येतं. तिने वजा चिन्ह विसरून +30 घातलं, उत्तर 12 आलं आणि तो पर्यायही समोर होता. पेपर काढणाऱ्यांना ही चूक ठाऊक असते, ते तिचं उत्तर पर्यायांत मुद्दाम ठेवतात. घरी पुन्हा सोडवताना तिने चिन्ह बरोबर घातलं आणि 60 आलं. म्हणजे निष्काळजीपणा?

आधीचे तीन पेपर काढले, तर त्यांतही किरण प्रकाशिकीचे दोन प्रश्न चिन्हावरच गेले होते. एकाच धड्यात तीच घसरण तीनदा झाली, की तिला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. मग तिला सूत्र न वापरता विचारलं, वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्यामध्ये असेल तर प्रतिमा साधारण कुठे पडेल? उत्तर आलं नाही. ज्याला चित्र डोळ्यांसमोर दिसतं, तो 12 पाहताच थबकतो. अनंत अंतरावरून येणारे समांतर किरणसुद्धा 20 सेमीवर एकत्र येतात, मग वास्तव प्रतिमा त्याच्या आत 12 सेमीवर कशी मिळेल? तिला चिन्हसंकेत पाठ होता, पण किरण कसे जातात हे समजलेलं नव्हतं. हा प्रश्न ‘निष्काळजी’ रकान्यातून काढून ‘न समजलेलं’ या रकान्यात टाकावा लागला.

म्हणून एका पेपरावरून निकाल देऊ नये. एका धड्यावर एका पेपरात एक-दोनच प्रश्न असतात. तीन-चार पेपरांच्या चुका धड्यानुसार एकाच वहीत उतरवल्या की पुनरावृत्ती दिसते. ‘अयोग्य विधान’ वाचण्यातली चूक जीवशास्त्रात, रसायनशास्त्रात सगळीकडे विखुरलेली दिसली, तर ती सवयीची चूक. एकाच धड्यात गोळा झालेली चूक बहुधा समजुतीची.

आणखी एक ढीग कोणी तपासतच नाही, तो बरोबर आलेल्या उत्तरांचा. पेपर सोडवताना ज्या उत्तराची खात्री नाही, त्या प्रश्नाच्या क्रमांकापुढे छोटंसं प्रश्नचिन्ह काढायची सवय लावावी, त्याला एक सेकंद लागतो. या मुलीच्या 128 बरोबर उत्तरांत अशी 17 चिन्हं होती. त्यांतल्या 9 प्रश्नांना तिला नंतर कारण देता आलं नाही. ते गुण नशिबाने मिळाले आणि पुढच्या पेपरात जाऊ शकतात. एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तिथे कुणीच प्रश्न सोडत नाही आणि अंदाजाची उत्तरं आणखी वाढतात. सीईटीच्या मुलांनी ही खूण न चुकता करावी.

तर हिशेब असा झाला: खऱ्या निष्काळजीपणाचे 12 प्रश्न, म्हणजे 60 गुण. वाटत होते 100. न समजलेले 22 आणि नशिबाने मिळालेले 9, मिळून 31 प्रश्न, शिवाय सोडलेले 18 वेगळेच. ती जिथे दोष शोधत होती, त्यापेक्षा मोठा खड्डा दुसरीकडेच होता.

दोन्ही ढिगांवरचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत. चार ‘अयोग्य विधान’ प्रश्नांसाठी अख्खा धडा पुन्हा वाचणं म्हणजे वेळेची नासाडी. तिथे ‘अयोग्य’ किंवा ‘नाही’ या शब्दाला पेनाने गोल करायचा आणि चारही पर्यायांपुढे बरोबर-चूक लिहूनच उत्तर ठरवायचं. शेवटच्या वीस मिनिटांतल्या चुकांसाठी विषयांचा क्रम बदलून पाहायचा. तीन पेपरांत फरक पडला नाही, तर उपाय बदलायचा. उलट, भिंगाच्या प्रश्नाला ‘लक्ष देऊन सोडव’ हा सल्ला अगदी निरुपयोगी. तिथे पाच-सहा किरणाकृती हाताने काढाव्या लागतात, मग तसले सात-आठ प्रश्न सोडवावे लागतात आणि आठवड्याने दोन नवे प्रश्न घेऊन तपासावं लागतं. आठवड्यानंतरही आलं, तरच तो प्रश्न वहीतून खोडावा.

या सगळ्याला वेळ लागतो. तीन तासांच्या पेपरामागे छाननीला जवळपास तेवढाच वेळ जातो. आठवड्याला तीन पेपर देणाऱ्या मुलांना तो मिळत नाही. तेव्हा पेपर कमी करावेत, छाननी नव्हे. क्लासचं वेळापत्रक आडवं येत असेल, तर पालकांनी तिथे जाऊन स्पष्ट बोलावं.

आणि पालकांनी घरी एवढंच करावं: गुण कळल्यावर ‘किती चुकलं?’ असं विचारू नये. दुसऱ्या दिवशी ‘पुन्हा सोडवल्यावर किती बरोबर आले, आणि का?’ असं विचारावं, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबावं.