वकिलाचे मत-पत्र : शेवटचे पान आधी वाचा

जमीन घेताना आपण वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून घेतो. पत्राच्या शेवटी ‘मालकी निर्वेध व विक्रीयोग्य आहे’ ही ओळ दिसली की इसार देऊन मोकळे होतो. त्या ओळीच्या अगोदर किंवा नंतर ‘आम्ही असे गृहीत धरले आहे की’ असा मजकूर असतो, तो मात्र कोणी वाचत नाही. भांडण बहुधा तिथेच दडलेले असते. म्हणून या वेळी एक उदाहरण घेऊन हे पत्र कसे वाचायचे ते पाहू.

समजा, रिसोड तालुक्यात एका गृहस्थांनी स्वतःच्या पैशाने ६ एकर जमीन घेतली होती. पत्नी आधीच वारली होती. २००१ साली ते मृत्युपत्र न करता वारले. मागे दोन मुलगे आणि सासरी नांदणारी एक मुलगी. वारसाचा फेरफार झाला तेव्हा तलाठ्याकडे फक्त दोघा भावांची नावे दिली गेली. ‘बहिणीने तोंडी हक्क सोडला’ असे घरात ठरले आणि सातबारावर दोघेच आले. आता ते सगळी ६ एकर विकायला निघाले आहेत.

वकील दुय्यम निबंधक कार्यालयात सर्च घेतात. १ जुलै १९९८ पूर्वी वाशीम जिल्हा नव्हता, म्हणून त्याआधीचे दस्त अकोला जिल्ह्याच्या नावाने असतात. तेही पाहिले जातात. बोजा नाही, दुसरी विक्री नाही. सर्च स्वच्छ! पण नोंदणी कार्यालयात फक्त नोंदलेले दस्त सापडतात. माणूस वारला की वारसांना हक्क आपोआप मिळतो, त्याचा दस्त होत नाही. म्हणजे तीस नव्हे, शंभर वर्षांचा सर्च घेतला तरी त्यात ही बहीण दिसणार नाही.

म्हणूनच प्रामाणिक वकील लिहितो : ‘फेरफारात दाखविलेले वारस हेच सर्व वारस आहेत असे आम्ही गृहीत धरले आहे. स्वतंत्र चौकशी केलेली नाही.’ याचा सरळ अर्थ, ही गोष्ट खरी ठरली तरच ‘निर्वेध’ हा शब्द खरा.

आपल्या उदाहरणात ती खरी नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे तिघांना सारखा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी २ एकर. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीचा हक्क सोडायचा तर नोंदलेले हक्कसोडपत्र लागते, तोंडी बोलून भागत नाही. सातबाराची नोंद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. काही जण म्हणतात, ‘वीस वर्षे भाऊच वाहतात, आता बहिणीचं काय?’ पण एका हिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने धरला जातो. बहिणीला तिचा हक्क उघडपणे नाकारला असेल, तेव्हापासूनच बारा वर्षांचा हिशेब सुरू होतो. तेव्हा घेणाऱ्याने पैसे मोजले ६ एकरांचे आणि हाती आला ४ एकरांचा न वाटलेला हिस्सा. बहिणीने वाटपाचा दावा केला की कोर्टाच्या फेऱ्या चालू.

दुसरी अट असते ‘हे मत केवळ अमुक बँकेसाठी, अमुक कर्जापुरते’. भावांनी बँकेसाठी घेतलेले जुने पत्र तुम्हाला दाखवले, तर त्यावर विसंबू नका. ते तुम्हाला लिहिलेले नाही, आणि त्या तारखेनंतर काय घडले हेही त्यात नाही. दिवाणी कोर्टातला दावा सातबारावर दिसेलच असेही नाही. मत चुकले म्हणून वकिलावर फौजदारी खटला चालत नाही. फसवणुकीच्या कटात त्याचा हात दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादकडील एका बँक प्रकरणात २०१२ मध्ये ठरवले. निष्काळजीपणाची जबाबदारी उरते, पण ‘मी हे गृहीत धरले होते’ असे लिहून ठेवले असेल तर तीही आखडते.

मग करायचे काय? पत्रातील प्रत्येक ‘गृहीत धरले’ पुढे पेन्सिलीने खूण करा आणि ते कोणत्या कागदाने पुरे होईल ते वकिलांनाच विचारा. वारसांबाबत तर फेरफार पुरा वाचा, मग गावात जाऊन मयताला मुली किती, त्या कुठे दिल्या, हे विचारा. नाव सुटलेले निघाले तर त्या बहिणीकडून नोंदलेले हक्कसोडपत्र घ्या किंवा तिला खरेदीखतात विक्रेती म्हणून सही करायला लावा, आणि तिचे पैसे तिच्या हाती द्या. नंतर नव्या तारखेचे मत-पत्र तुमच्या नावाने मागा. इसार त्यानंतर.